भरीव सागवान की प्लायवर विनियर? कडा आणि टोकं वाचायची कशी

प्रश्न: “सॉलिड सागवान” म्हणून एक कपाट आणि एक पलंग दाखवला. कडेलाही लाकूडच दिसतंय, प्लायचे थर कुठेच दिसत नाहीत. काही न खरवडता, न मोडता, आत प्लाय आहे का हे ओळखता येईल का?

बहुतेक वेळा येतं. पण कडेला थर दिसत नाहीत, ही खूण आधी बाजूला ठेवा. प्लायवुडची कड उघडी ठेवून कपाट विकायला कोणी आणत नाही. प्लायच्या चारही कडांना सागवानाची पट्टी चिकटवतात, तिला लिपिंग म्हणतात. ही पट्टी खरोखरच भरीव सागवानाची असते. त्यामुळे कडेवर नख मारलं, वास घेतला किंवा भिंग लावलं तरी खरं सागवानच सापडणार. दर्शनी बाजूवरचं विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, हेही खऱ्या सागवानाचंच असतं, फक्त त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. म्हणजे “हे सागवान आहे का?” असं विचारून काही हाती लागत नाही. समोर दिसतं ते लाकूड आणि कडेला दिसतं ते लाकूड एकाच फळीचं आहे का, हे पाहायचं असतं.

त्यासाठी एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे टोक. फळी झाडाच्या उंचीच्या दिशेने कापलेली असते आणि तिच्यावरच्या रेषा त्याच दिशेने धावतात. रेषा जिथे संपतात ती फळीची दोन टोकं. टोकाला लाकडाचा आडवा छेद दिसतो. सागवानात तो साध्या डोळ्यांनीही ओळखू येतो, कारण झाडाच्या दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ तयार होते. टोकाला या ओळी ठिपक्यांच्या रेघांसारख्या उमटलेल्या असतात. उरलेल्या दोन कडांवर मात्र लांब रेषाच दिसतात.

आता कपाटाचं सपाट, एकसंध दिसणारं दार घ्या. समोरच्या रेषा वरून खाली उभ्या धावत असतील, तर दाराची वरची आणि खालची कड ही टोकं झाली. तिथे ठिपके दिसलेच पाहिजेत. दार उघडून वरच्या कडेवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. कडेच्या लांबीने आडव्या रेषा धावताना दिसल्या, तर ती नंतर लावलेली पट्टी आहे. एका फळीच्या रेषा समोर उभ्या आणि वरच्या कडेवर आडव्या असूच शकत नाहीत. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की निम्मं काम झालं.

इथे घाई करणारे दोन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे टोक कुठलं हे न बघता ते भलतीच कड तपासतात. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर रेषा बहुधा आडव्या असतात. तिची वरची कड हे टोक नाही, त्यामुळे तिथे लांब रेषा दिसणं अगदी स्वाभाविक आहे आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिची खरी टोकं डावी-उजवीकडे असतात आणि बहुधा पायांच्या खाचेत लपलेली असतात. दुसरं म्हणजे चौकट आणि पॅनेल असलेलं दार. त्याच्या वरच्या कडेवर दोन्ही कोपऱ्यांत उभ्या पट्ट्यांची टोकं, म्हणजे ठिपके, आणि मधल्या भागात आडव्या पट्टीच्या लांब रेषा असं मिश्र चित्र दिसतं. हे चित्र योग्य आहे. कोपरा पंचेचाळीस अंशांत जोडलेला असेल तर तिथे तिरका सांधा दिसेल. अशी चौकट भरीव असते हे यातून कळतं, पण मधल्या पॅनेलबद्दल काहीच कळत नाही.

टोकाला ठिपके दिसले तरी लगेच खात्री धरू नका. समोरच्या नक्षीशी त्यांचा मेळ बसतो का ते पाहा. फळीवर मधोमध कमानीसारखी, एकात एक बसलेल्या शिखरांची नक्षी असेल, तर टोकाला वाढीच्या ओळी मधल्या भागात आडव्या पडलेल्या आणि कडेकडे उभ्या होत जाणाऱ्या दिसायला हव्यात. समोर नुसत्या सरळ समांतर रेषा असतील, तर टोकाला त्या ओळी फळीच्या जाडीतून बऱ्यापैकी उभ्या जाताना दिसतील. समोर रुंद कमानी आणि टोकाला सगळ्या ओळी ताठ उभ्या, असं असेल तर वरचा पापुद्रा आणि आतलं लाकूड वेगळं आहे. हे वाचायला थोडा सराव लागतो. ज्याची टोकं उघडी आहेत अशी घरातली कुठलीही जुनी लाकडी फळी घेऊन तिच्यावर हा मेळ बसवून पाहा. दुकानात मग वेळ लागणार नाही.

याच कारणासाठी ब्लॉकबोर्डपासून सावध राहा. त्याच्या गाभ्यात हलक्या लाकडाच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावलेल्या असतात आणि वर-खाली लाकडाचे पातळ थर चिकटवलेले असतात. टोकाला बघणाऱ्याला पट्ट्यांचा आडवा छेद दिसतो आणि तो भरीव लाकूड समजून बसतो. ओळखायची खूण अशी की वरच्या आणि खालच्या पृष्ठभागालगत वेगळ्या रंगाचे एक-दोन पातळ थर दिसतात आणि मधलं लाकूड फिकट असतं.

कडा झाकलेल्या असल्या तरी प्रत्येक फर्निचरमध्ये काही भोकं असतात, आणि भोकांना लिपिंग लावता येत नाही. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने बसणारे लपते बिजागर असतील, तर त्यांच्यासाठी दारात 35 मिलिमीटर व्यासाचं, साधारण 12 मिलिमीटर खोल गोल भोक पाडलेलं असतं. विक्रेत्याला विचारून एका बिजागराचे स्क्रू सैल करून घ्या. दार बाकीच्या बिजागरांवर टिकून राहतं, फक्त हाताने आधार द्या. भोकाच्या भिंतीवर टॉर्च मारा. प्लाय असेल तर गडद आणि फिकट पट्टे आलटूनपालटून दिसतील, कारण प्लायचा प्रत्येक थर आधीच्या थराला काटकोनात चिकटवलेला असतो. भरीव सागवानात वरपासून खालपर्यंत एकच रंग आणि एकच पोत दिसतो. पॉलिश भोकात फारसं पोचत नाही, त्यामुळे लाकडाचा मूळ रंगही इथेच कळतो. सागाचा गाभा सोनेरी तपकिरी असतो. ताजं कापलेलं असेल तर थोडा डागाळलेला, कमी-जास्त रंगाचाही दिसतो आणि उजेडात राहून हळूहळू एकसारखा होतो. त्यामुळे असमान रंग पाहून घाबरू नका. याउलट भोकात फिकट पांढरट लाकूड असेल आणि बाहेर गडद तपकिरी रंग असेल, तर तो रंग पॉलिशचा आहे. क्वचित तो सागाचाच बाहेरचा पांढरा भाग असू शकतो. तोही घ्यायचा नाही, कारण वाळवीला तोंड देण्याची गाभ्याची ताकद त्यात नसते.

बिजागर काढू दिला नाही, तरी फळ्यांच्या खुंट्यांची भोकं असतात, कुलपाचं भोक असतं, ड्रॉवरची मूठ असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या मागच्या बाजूला पाहा. तिथे कोणी फारशी सजावट करत नाही.

पलंगाच्या बाबतीत हे काम आणखी सोपं असतं, कारण तो जोडून-सोडून ठेवण्याची वस्तू आहे. बाजूचे लांब पट्टे डोक्याकडच्या भागाला बोल्टने किंवा हुकांच्या पत्र्यांनी जोडलेले असतात. एक पट्टा सोडवायला सांगा. पट्ट्याचं टोक जोडणीत लपणार असल्यामुळे ते बहुधा पॉलिश न करता, लिपिंग न लावता सोडलेलं असतं. सगळा पलंग एका नजरेत तिथे वाचता येतो. पायाचा तळही उघडा असतो, पण त्यावरून पलंगाविषयी मत बनवू नका. पाय जवळजवळ नेहमीच भरीव लाकडाचे असतात, कारण जाड चौकोनी खांब प्लायमधून करणं सोयीचं नसतं. दाखवायचंच असेल तेव्हा विक्रेता नेमका पाय उलटा करून दाखवतो.

आता नक्षीकडे वळू. विनियर काढताना लाकडाचा एक ठोकळा धारदार पात्याने पापुद्र्यागणिक कापतात, त्यामुळे लागोपाठ निघालेले पापुद्रे एका छापाच्या पानांसारखे जवळजवळ सारखे असतात. म्हणून कपाटाच्या दोन दारांवर तीच कमान, त्याच उंचीवर, तोच काळसर पट्टा त्याच जागी दिसला, किंवा एक दार दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब वाटलं, तर ते विनियर आहे असं मी धरून चालतो. जाड फळी उभी चिरून दोन भरीव भाग शेजारी लावता येतात, पण चिरताना करवतीच्या जाडीएवढं लाकूड जातं, वर रंध्याने आणखी जातं. त्यामुळे त्या दोन भागांत बारीक फरक पडतोच. सगळीकडे अगदी सरळ, एकसारख्या रेषा असतील आणि ठरावीक अंतराने तोच क्रम पुन्हा येत असेल, तर तो दुसऱ्याच लाकडाचे रंगवलेले थर दाबून तयार केलेला पापुद्राही असू शकतो. मग त्यात साग वरूनसुद्धा नाही.

समोरच्या खुणा मागे शोधणं ही साधी आणि फार उपयोगी चाचणी आहे. दारावर एखादी गाठ किंवा ठळक काळसर रेघ निवडा, कडेपासून तिचं अंतर बोटांनी मोजा आणि दाराच्या आतल्या बाजूला त्याच जागी पाहा. 18-20 मिलिमीटर जाडीच्या फळीत गाठ सहसा आरपार गेलेली असते. मागे तिचा मागमूस नसेल, नक्षी पूर्णपणे वेगळी असेल, तर दोन बाजूंना दोन वेगळे पापुद्रे आहेत. लहान, वरवरची गाठ अपवाद ठरू शकते, म्हणून दोन-तीन खुणा तपासा.

रुंदीसुद्धा बरंच काही सांगते आणि याचं कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. सागवान या बाबतीत शांत लाकूड आहे, तरी कमानीच्या नक्षीची फळी स्वतःच्या ओलाव्यात दर एक टक्का फरकाला रुंदीत साधारण 0.2 टक्के हलते. 450 मिलिमीटर रुंदीचं दार धरा आणि कोरड्या ते पावसाळी हवेत लाकडाच्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडतो असं धरा. 450 चे 0.8 टक्के म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या वर. दोन दारांच्या कपाटात ही हालचाल दुप्पट होते. दारं कोरड्या हवेत घट्ट बसवली तर दमट हवेत एकमेकांत अडकतील. म्हणून जाणकार सुतार भरीव लाकडाचं दार एका सपाट पाटीचं करत नाही. तो चौकट करतो, तिच्या पट्ट्यांना कुसू काढून म्हणजे जीभ आणि खाच करून जोडतो आणि पॅनेल चौकटीच्या खाचेत न चिकटवता मोकळं बसवतो. पॅनेल आतल्या आत हलतं, चौकट मापात राहते.

याचा उपयोग खरेदीत असा होतो: दोन फूट रुंद, अगदी सपाट, मध्ये एकही सांधा नसलेलं दार किंवा कपाटाची बाजू कोणी “सिंगल पीस सॉलिड” म्हणून दाखवली, तर दाखवणाऱ्याला माहीत नाही किंवा तो माहिती लपवतो आहे. एवढी रुंदी भरीव लाकडात फळ्या शेजारी जोडूनच केली जाते. त्या सांध्यांवर एका फळीची नक्षी तुटते आणि दुसरी सुरू होते. टोकाकडून पाहिलं तर प्रत्येक फळीची वाढीच्या ओळींची कमान वेगळी असते. सांधे दिसणं हा दोष समजू नका.

वजन आणि आवाज यांवर मात्र मुळीच विसंबू नका. लोक दार उचलून “जड आहे, म्हणजे सागवान” म्हणतात. हिशोब करून पाहा. 1800 बाय 450 मिलिमीटरचं, 18 मिलिमीटर जाडीचं दार घेतलं तर सागवानाची घनता दर घनमीटरला साधारण 650 किलो धरून त्याचं वजन साडेनऊ किलोच्या आसपास येतं. 600 किलो घनतेच्या प्लायमध्ये तेच दार पावणेनऊ किलोचं होतं. एवढा फरक हाताला कळत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, तर बहुधा सागवानाहूनही जड असतो. टकटक करून पोकळ दार कळेल, पण प्लाय आणि सागवान दोन्ही भरीवच वाजतात. पॉलिश झालेल्या फर्निचरला नाक लावून वास घेण्यातही अर्थ नाही. सागवानाचा कमावलेल्या चामड्यासारखा वास ताज्या कापलेल्या लाकडाला येतो.

एक प्रकरण सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं वापरायचं ते दिसेल. एका ओळखीच्या कुटुंबाने आगाऊ रक्कम देण्याआधी मला एक कपाट आणि पलंग पाहायला बोलावलं. दोन्ही “पूर्ण सागवान” म्हणून सांगितलेले. कपाटाच्या दारांना चौकट होती. वरच्या कडेवर दोन्ही कोपऱ्यांत ठिपके होते, मध्ये लांब रेषा होत्या, म्हणजे चौकट भरीव. पॅनेलवर सुंदर कमानी होत्या, पण डाव्या आणि उजव्या दारावर त्या जवळपास सारख्याच उंचीवर, सारख्याच आकाराच्या. आतल्या बाजूला पॅनेलवर नुसत्या सरळ रेषा. म्हणजे पॅनेल सागाचं विनियर लावलेल्या प्लायचं, ज्याला टीक प्लाय म्हणतात. फळ्यांना पुढून पट्टी होती, पण मागची कड हाताने चाचपली तर थरांचे कंगोरे लागले. पलंगाचे पाय आणि डोक्याकडची चौकट भरीव होती. बाजूचा पट्टा सोडवला, तर टोकाला फिकट लाकडाच्या पट्ट्या आणि वर-खाली पातळ थर, म्हणजे ब्लॉकबोर्ड. त्याच्या वरच्या कडेची सागाची पट्टी मात्र इतकी नीट बसवली होती की वरून सांधा शोधायला नख फिरवावं लागलं.

हे फर्निचर वाईट होतं का? कपाट अजिबात नव्हतं. भरीव चौकटीत टीक प्लायचं पॅनेल ही चांगली, टिकाऊ रचना आहे. मोठा सपाट पृष्ठभाग प्लायमध्ये भरीव लाकडापेक्षा स्थिर राहतो आणि मी स्वतः कपाटाची पाठ प्लायचीच करतो. पलंगाच्या पट्ट्याबद्दल माझं मत वेगळं होतं. त्यावर माणसांचं वजन येतं, बोल्ट तिथेच ओढ घेतो, आणि ब्लॉकबोर्डच्या टोकाला स्क्रू कालांतराने सैल होतात. म्हणून कपाट आहे तसं, पण खऱ्या रचनेच्या दराने घ्यावं आणि पलंगाचे दोन्ही पट्टे भरीव सागवानाचे करून मागावेत, असं मी सुचवलं. विक्रेत्याने दोन्ही मान्य केलं.

वापरलेलं फर्निचर घेत असाल तर झीजच बोलते. विनियर कोपऱ्यावर पातळ कपच्यांनी सुटतं, पाणी लागलेल्या जागी फुगा धरतं आणि फुग्यावर बोटाने दाबलं तर खाली पोकळी जाणवते. भरीव लाकूड खवललं गेलं तरी आत तसाच पोत आणि तेच लाकूड दिसतं. कोपरे घासून बोथट झालेल्या जागी रंग अचानक बदलतो का तेही पाहा.

काही वेळा यातलं काहीच जमत नाही. दाट गडद पॉलिश असतं, कडांवरही विनियर ओढलेलं असतं, बिजागर काढू देत नाहीत. अशा वेळी कडेच्या अगदी कोपऱ्यालगत, जिथे दर्शनी बाजू आणि कड मिळतात तिथे, भिंगाने पाहा. अर्ध्या मिलिमीटरची एक बारीक, एकसमान रेघ कोपऱ्याला समांतर धावताना दिसली तर ती विनियरची जाडी आहे. त्यानेही उलगडा झाला नाही, तर तळाच्या फळीच्या खालून तीन मिलिमीटरचं एक भोक पाडून दाखवायला सांगता येतं. भुसा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सोनेरी तपकिरी रंगाचा आणि त्या चामड्याच्या वासाचा यायला हवा. मध्येच पांढरट किंवा लालसर भुसा आला तर आत थर आहेत. हे फक्त त्या एका फळीपुरतं खरं आहे, बाकीच्या भागांना लागू करू नका.

आणि बिलावर “सागवान कपाट” एवढंच लिहून घेऊ नका. “टीक फिनिश”, “टीक कलर” हे शब्द पॉलिशबद्दल आहेत, लाकडाबद्दल नाहीत. चौकट, पॅनेल, बाजू, फळ्या, पाठ, ड्रॉवर, आणि पलंगाला पाय, पट्टे, डोक्याकडचा भाग, खालच्या फळ्या, अशी एकेका भागासमोर “भरीव सागवान”, “सागवानी विनियर, प्लाय” किंवा “ब्लॉकबोर्ड” अशी नोंद करून घ्या. ऑर्डर देऊन करून घेत असाल तर पॉलिश चढण्याआधी एकदा कारखान्यात जाऊन कोरडी जोडणी पाहा. तेव्हा सगळी टोकं उघडी असतात.